‘तुमच्यातली पोरं हुशारच असतात!’

हे वाक्य शाळेत, कचेरीत, शेजारपाजारी आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं. बोलणाऱ्याच्या मनात सहसा वाईट काही नसतं. तरी या कौतुकाने माणसाची तब्येत बिघडते, म्हणून आरोग्याच्या पानावर त्याचा विचार.

अभ्यासक याला ‘मॉडेल मायनॉरिटी’, म्हणजे आदर्श अल्पसंख्याक, अशी प्रतिमा म्हणतात. तिची सुरुवात सहसा अमेरिकेतल्या एका लेखापासून मानतात. जानेवारी १९६६ मध्ये विल्यम पीटरसन या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत जपानी-अमेरिकनांच्या यशाचं कौतुक केलं. दुसऱ्या महायुद्धात याच लोकांना सरकारने छावण्यांत डांबलं होतं, तरी ते वर आले, असा सूर. त्या वर्षांत कृष्णवर्णीय लोक नागरी हक्कांसाठी रस्त्यावर होते. कौतुकाचं टोक त्यांच्याकडे वळलं: हे करू शकले, मग तुम्ही का नाही?

आपल्याकडे हाच प्रश्न मातंग बांधवांना विचारला जातो. ‘बौद्ध शिकले, तुम्ही का मागे राहिलात?’ १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिल्यापासून तर तो अधिकच कानावर येतो. उपवर्गीकरण करावं की नाही, हा आकडेवारीचा प्रश्न आहे. कौतुक ही आकडेवारी नव्हे. पण प्रश्न विचारणारा शिकण्याची कारणंच पुसून टाकतो. ब्रिटिशांच्या लष्करात महार सैनिक होते, आणि छावणीत मुलांना शाळा मिळत असे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेतच शिक्षक होते. पुढे गिरण्यांची, रेल्वेची रोख मजुरी आली. आपल्या सोलापुरात तर १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. ज्यांच्या वाट्याला यातलं कमी आलं, ते मागे राहिले. यात कोणाच्या रक्ताचा गुण नाही की दोष नाही.

आता आपल्याच समाजाचा आकडा पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बौद्धांची साक्षरता सुमारे ८३ टक्के होती. अभिमान वाटावा असाच आकडा आहे. पण जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षांवरचा, कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकणारा माणूस. शाळेत गेलेला असलाच पाहिजे असंही नाही. म्हणजे त्या ८३ मध्ये प्राध्यापकही आले आणि चौथीत शाळा सुटलेली शेतमजूर बाईही. शिवाय शंभरातले सतरा निरक्षर उरतातच. ‘बौद्ध पुढे गेले’ या वाक्यात ती बाई आणि ते सतरा जण दिसेनासे होतात. मग ‘यांना आता सवलती कशाला?’ हे ओघानेच येतं. कौतुकाची किंमत अशी कौतुक झालेल्यांनाच मोजावी लागते.

घरातली किंमत वेगळी असते. समजा, बुधवार पेठेतला एक मुलगा आहे. वडील रोजंदारीवर, आई चार घरची कामं करते. दहावीला चांगले गुण मिळाले, वस्तीत सत्कार झाला. बारावीनंतर नीटला अपेक्षेपेक्षा फार कमी गुण पडले. नापास होणं सगळ्यांनाच जड जातं, पण याला वाटतं, आपण एकटे नापास झालो नाही, समाजाची मान खाली घातली. दुसरीकडे वर्गात ‘कोट्यातला’ म्हणणारे टपलेलेच आहेत. कौतुक आणि टोमणा, दोन्हीकडून त्याला एकच कळतं: चुकायची मुभा नाही. म्हणून तो घरी सांगत नाही.

लक्षणं बोलण्याआधी शरीरात दिसू लागतात. रात्री उशिरापर्यंत झोप नाही, किंवा पहाटेच जाग. परीक्षेच्या दिवशी पोटात दुखणं, वारंवार डोकं दुखणं. जेवण कमी होणं, मित्रांचे फोन न उचलणं, निकालाचा विषय निघाला की उठून जाणं. असं दोन आठवडे बहुतेक रोज चाललं, तर ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणून सोडू नये. ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो’ किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं तो म्हणाला, तर दोन आठवडेही थांबू नये. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. तोवर मुलाला एकटं सोडू नये.

शिक्षकही इथे फसतात. ‘हा हुशार आहे, करेल आपोआप’ म्हणून गप्प बसलेल्या मुलाकडे लक्ष जात नाही. अमेरिकेत आशियाई मुलांबाबत हेच दिसलं आहे: मानसिक त्रास असूनही ती मदतीसाठी कमी जातात आणि मोठ्यांनाही संशय येत नाही.

टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. मुलगा बोलायला तयार नसेल, तर आधी आईवडिलांनी स्वतः फोन करून विचारलं तरी चालतं. प्रत्यक्ष दाखवायचं असेल, तर सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभागात जावं. जाताना झोप कधीपासून बिघडली, जेवण किती, निकाल कधी लागला, एवढं कागदावर लिहून न्यावं. डॉक्टरांसमोर मुलाचे जुने गुण सांगत बसू नये.