हृदय आणि शिरांचा छेदबिंदू

हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त पुढे ढकलतं, पण तेवढं शिरांतून परत आलं तरच. अमेरिकेतल्या आर्थर गायटन यांनी 1955 मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच आलेखावर मांडल्या.

उजव्या कर्णिकेतला दाब वाढला की हृदय जास्त रक्त फेकतं, मात्र शिरांतून येणारा ओघ मंदावतो. पाऱ्याच्या 7 मिलिमीटरला तो थांबतोच. हृदय बंद पडल्यावर रक्तवाहिन्यांत उरतो तेवढाच हा दाब. चढती आणि उतरती रेषा छेदतात तिथे, म्हणजे शून्याजवळच्या दाबाला, प्रवाह ठरतो.

सलाइन दिलं की शिरांची रेषा वर सरकते. निरोगी हृदयाची रेषा तीव्र चढाची, म्हणून प्रवाह वाढतो. थकलेल्या हृदयाची सपाट. तिथे छेदबिंदू नुसता उजवीकडे सरकतो. प्रवाह जवळपास तेवढाच, मानेच्या शिरा मात्र फुगलेल्या!