‘बटण चालत नाही’ : एका बग अहवालाचे विश्लेषण आणि टेस्टरने विचारावयाच्या कृती

बीजसंज्ञा : बग अहवाल, सॉफ्टवेअर चाचणी, कृतिक्रम, वेब अर्ज, पडताळणी

प्रस्तावना

संगणकीय प्रणाली वापरणाऱ्या व्यक्तीकडून येणाऱ्या तक्रारींमध्ये ‘बटण चालत नाही’ हे वाक्य वारंवार आढळते. वाक्य खरे असते, तक्रार प्रामाणिक असते; तरीही तेवढ्यावरून प्रोग्रामरला दोष सापडत नाही. याचे कारण असे की, ‘चालत नाही’ हे निरीक्षण नसून निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष आहे. वापरकर्त्याने काय केले आणि त्याला काय दिसले, या दोन्ही गोष्टी त्या निष्कर्षामागे लपलेल्या असतात. त्या उलगडून घेणे हे टेस्टरचे काम होय.

बग अहवालात काय असावे याविषयी सॉफ्टवेअर क्षेत्रात बऱ्यापैकी एकमत आहे. जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली लिहिलेल्या एका लेखात चांगल्या अहवालाची तीन अंगे सांगितली होती : दोष पुन्हा घडवून आणण्याच्या कृती, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम. मोझिला प्रकल्पातून निर्माण झालेल्या बगझिला या दोषनोंद प्रणालीतही हीच विभागणी रूढ झाली. या तिन्हींपैकी पहिले अंग सर्वांत अवघड आहे. प्रस्तुत लेखात एका नमुना अर्जाच्या आधारे त्याच अंगाचा विचार केला आहे.

‘चालत नाही’ या शब्दांचे चार अर्थ

बटण चालत नाही असे म्हणताना वापरकर्त्याच्या मनात चार वेगवेगळ्या अवस्था असू शकतात. पहिली, बटण फिकट दिसते आणि दाबलेच जात नाही. दुसरी, बटण दाबले जाते, पण पडद्यावर काहीही घडत नाही. तिसरी, बटण दाबल्यावर चुकीचा संदेश येतो. चौथी अवस्था सर्वांत फसवी असते : काम पूर्ण होते, माहिती साठवलीही जाते, मात्र तसे सांगणारा संदेश न आल्याने वापरकर्ता पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतो आणि एकाच अर्जाच्या दोन-तीन नोंदी होतात.

या चार अवस्थांची कारणे प्रणालीच्या निरनिराळ्या भागांत असतात. म्हणून टेस्टरचा पहिला प्रश्न ‘बटण दाबल्यानंतर पडद्यावर नेमके काय दिसले?’ हा असावा. ‘काहीच नाही’ हेही उपयुक्त उत्तर आहे. त्यामुळे पहिली आणि तिसरी अवस्था बाद होते. उरलेल्या दोहोंतील फरक ब्राउझरमध्ये पाहता येतो. क्रोम ब्राउझरमध्ये F12 ही कळ दाबल्यावर उघडणाऱ्या भागात `Network` नावाचे दालन असते. ते उघडे ठेवून बटण दाबावे. तेथे नवी ओळ उमटली तर विनंती सर्व्हरकडे रवाना झाली, असे समजावे. एकही ओळ उमटली नाही तर विनंती ब्राउझरमध्येच अडली आहे आणि सर्व्हरच्या नोंदी तपासून फारसे हाती लागणार नाही.

नमुना उदाहरण

समजा, एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरावयाचा आहे. अर्जात नाव, मोबाईल क्रमांक आणि ‘आपण वसतिगृहात राहता का?’ असा प्रश्न आहे. ‘होय’ निवडल्यास ‘वसतिगृह प्रवेश क्रमांक’ ही नवी जागा दिसू लागते व ती भरणे सक्तीचे असते. ‘नाही’ निवडल्यास ती जागा दिसेनाशी होते. शेवटी ‘अर्ज सादर करा’ हे बटण आहे. एका विद्यार्थिनीची तक्रार येते : ‘सगळी माहिती भरली, पण बटण चालत नाही.’ सोबत तिने पडद्याचे छायाचित्र जोडले आहे. त्यात नाव आणि मोबाईल क्रमांक भरलेला आहे व वसतिगृहाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ निवडलेले आहे.

टेस्टर ते छायाचित्र समोर ठेवून तोच अर्ज भरतो. नाव लिहितो, मोबाईल क्रमांक लिहितो, ‘नाही’ निवडतो, बटण दाबतो. अर्ज विनातक्रार सादर होतो. येथे ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून अहवाल बंद करण्याचा मोह होतो. वास्तविक छायाचित्र ही केवळ शेवटची स्थिती असते. त्या स्थितीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यात उमटत नाही. एकाच अंतिम स्थितीला दोन मार्गांनी पोहोचता येते आणि दोष त्यांपैकी एकाच मार्गावर असू शकतो.

टेस्टरने विचारावयाच्या कृती

मार्ग समजून घेण्यासाठी प्रश्नांची भाषा महत्त्वाची ठरते. ‘सर्व जागा भरल्या होत्या ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तर येत नाही, कारण प्रश्नातच उत्तर सुचवलेले असते. त्याऐवजी पुढील क्रमाने विचारणे इष्ट ठरते.

१. अर्जाचे पान कसे उघडले? कोणत्या संगणकावर किंवा मोबाईलवर, कोणत्या ब्राउझरमध्ये?

२. पान उघडल्यावर सर्वप्रथम काय केले? त्यानंतर काय? बटण दाबेपर्यंतची प्रत्येक कृती क्रमाने सांगा.

३. यांपैकी एखादे उत्तर निवडून नंतर बदलले का? काही लिहून खोडले का? मागच्या पानावर जाऊन परत आलात का?

४. बटण किती वाजता दाबले? त्यानंतर काय दिसले आणि काय दिसेल अशी अपेक्षा होती?

५. पान नव्याने उघडून पुन्हा प्रयत्न केला का? तेव्हा काय झाले?

तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वापरकर्त्याच्या दृष्टीने मागे घेतलेली कृती म्हणजे न केलेली कृतीच असते. त्यामुळे ती आपणहून सांगितली जात नाही. प्रणालीच्या दृष्टीने मात्र ती घडून गेलेली असते. प्रस्तुत उदाहरणात विद्यार्थिनी सांगते, ‘आधी चुकून होय निवडले होते, मग लगेच नाही केले.’ पाचव्या प्रश्नावर ती म्हणते की, दुसऱ्या दिवशी पान उघडून थेट ‘नाही’ निवडले तेव्हा अर्ज गेला. ‘कधी चालते, कधी चालत नाही’ असे वाटणाऱ्या दोषाला येथे नियम सापडू लागतो.

कृतींची छाननी

टेस्टरने आता एका वेळी एकच गोष्ट बदलून, दर वेळी पान नव्याने उघडून तीन प्रयोग करावेत. नाव आणि मोबाईल क्रमांक तिन्ही वेळा तेच ठेवावेत.

पहिल्या प्रयोगात थेट ‘नाही’ निवडले असता अर्ज सादर होतो. दुसऱ्या प्रयोगात ‘होय’ निवडून प्रवेश क्रमांकाची जागा रिकामी ठेवली आणि नंतर ‘नाही’ निवडले असता बटण दाबूनही काही घडत नाही. `Network` दालनात ओळही उमटत नाही. तिसऱ्या प्रयोगात ‘होय’ निवडून क्रमांकाच्या जागी काहीतरी लिहिले आणि मग ‘नाही’ निवडले असता अर्ज पुन्हा सादर होतो.

तिसरा प्रयोग निर्णायक आहे. केवळ ‘होय’वरून ‘नाही’वर येण्याने दोष घडत असता, तर याही वेळी अर्ज अडायला हवा होता. तो अडला नाही. म्हणजे दोषाचा संबंध त्या अदृश्य झालेल्या जागेच्या रिकामेपणाशी आहे. दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी क्रोमच्या `Console` दालनात पुढील ओळ दिसते :

```
An invalid form control with name='hostel_no' is not focusable.
```

अर्ज पाठवण्यापूर्वी ब्राउझर सक्तीच्या जागा भरल्या आहेत की नाही हे तपासतो. एखादी जागा रिकामी असल्यास तो तिच्याजवळ सूचना दाखवतो आणि अर्ज थांबवतो. येथे सक्तीची जागा रिकामी आहे, परंतु ती पडद्यावर दिसतच नाही. त्यामुळे ब्राउझर अर्ज थांबवतो, पण सूचना दाखवायला त्याला ठिकाण उरत नाही. बटण आपले काम बिनचूक करत असते. अडथळा बटणाच्या अलीकडे, न दिसणाऱ्या जागेत असतो. प्रोग्राममधील मूळ चूक अशी :

```
if (answer === "yes") {
  box.style.display = "block";
  field.required = true;
} else {
  box.style.display = "none";
}
```

‘होय’ निवडल्यावर जागा सक्तीची होते, पण ‘नाही’ निवडल्यावर ती केवळ लपवली जाते, सक्ती काढली जात नाही. `else` भागात `field.required = false;` ही ओळ घातल्यास बटणाविषयीची तक्रार मिटते. तथापि, तिसऱ्या प्रयोगातून आणखी एक दोष उघड झालेला आहे : विद्यार्थिनी वसतिगृहात राहत नसतानाही लपलेल्या जागेतील क्रमांक अर्जाबरोबर जातो. त्यासाठी ‘नाही’च्या वेळी `field.disabled = true;` करून ‘होय’च्या वेळी ते `false` करणे अधिक योग्य, कारण `disabled` जागेची ब्राउझर पडताळणीही करत नाही आणि तिच्यातील मजकूर पाठवतही नाही.

अंतिम अहवाल

आता ‘बटण चालत नाही’ या शीर्षकाऐवजी ‘वसतिगृह प्रश्नाचे उत्तर होयवरून नाही केल्यास अर्ज सादर होत नाही’ असे शीर्षक देता येते. त्याखाली ब्राउझरचे नाव व आवृत्ती लिहावी. मग कृती क्रमाने द्याव्यात : नव्याने पान उघडा, नाव व मोबाईल क्रमांक भरा, ‘होय’ निवडा, प्रवेश क्रमांक रिकामा ठेवा, ‘नाही’ निवडा, ‘अर्ज सादर करा’ दाबा. अपेक्षित परिणाम : अर्ज सादर होऊन पोच दिसावी. प्रत्यक्ष परिणाम : पडद्यावर बदल नाही, सर्व्हरकडे विनंती नाही, `Console` मध्ये वरील ओळ. शेवटी, उरलेल्या दोन प्रयोगांत दोष घडला नाही, हेही नोंदवावे. दोष कोठे घडत नाही हे सांगितल्याने प्रोग्रामरच्या शोधाचे क्षेत्र लहान होते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. जाळ्याचा मंद वेग किंवा एकाच वेळी अनेकांनी केलेला वापर यांमुळे उद्भवणारे दोष त्याच कृती केल्यावरही दर वेळी घडतीलच असे नाही. अशा वेळी किती प्रयत्नांत किती वेळा दोष घडला हे लिहावे आणि घटनेची वेळ नोंदवावी, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींशी ती ताडून पाहता येते. बगझिलात अशा अहवालांसाठी `WORKSFORME` हा शेरा योजलेला आहे. त्या शेऱ्याचा अर्थ तक्रार खोटी आहे असा होत नाही. उपलब्ध कृतींनी दोष येथे घडला नाही, इतकाच तो होतो.

निष्कर्ष

वापरकर्त्याने शेवटी दाबलेले बटण हे दोष उघड होण्याचे ठिकाण असते. दोष निर्माण होण्याचे ठिकाण बहुधा त्याआधीच्या कृतींत असते. म्हणून टेस्टरने अंतिम स्थितीचे छायाचित्र पुरेसे न मानता संपूर्ण कृतिक्रम विचारावा आणि त्यात बदललेली, खोडलेली व मागे घेतलेली कृती आवर्जून नोंदवावी. प्रस्तुत उदाहरणात ‘आधी चुकून होय निवडले होते’ हे वाक्य विचारल्याशिवाय मिळाले नसते आणि ते मिळाले नसते तर अहवाल बंद होऊनही दोष तसाच राहिला असता.