कोटेशनमधला तासांचा हिशेब

‘लोगो आणि पाकिटाचं डिझाइन, किती होतील?’ असं क्लायंट फोनवरच विचारतो आणि छोटी डिझाइन एजन्सी बाजारात चाललेला आकडा सांगून मोकळी होते. तो आकडा परवडणारा आहे की नाही, हे कळायला आधी आपला एक तास आपल्याला केवढ्याला पडतो ते माहीत हवं.

समजा, पुण्यात मालक आणि दोन डिझायनर अशी तिघांची एजन्सी आहे. मालकाने स्वतःचाही पगार धरला, तर महिन्याचे पगार दीड लाख. भाडं, सॉफ्टवेअरची वर्गणी, वीज, इंटरनेट, सीएची फी आणि कॉम्प्युटरची झीज हा ओव्हरहेड ६० हजार. एकूण खर्च २ लाख १० हजार.

आता भागायचं कशाने? रोज आठ तास आणि महिन्याचे २२ दिवस धरले, तर तिघांचे ५२८ तास होतात आणि तास जेमतेम ४०० रुपयांना पडतो. इथेच गणित फसतं. सुट्ट्या, नव्या कामांच्या भेटी, कोटेशन बनवणं, बिलांची वसुली यांचे पैसे कोणी देत नाही. प्रत्यक्षात डिझायनरचे ११० तास बिलात लागतात, मालकाचे साठ. म्हणजे विकले जाणारे तास २८० आणि तासाचा खरा खर्च ७५० रुपये.

यावर २५ टक्के मार्जिन हवं असेल, तर ७५० मध्ये २५ टक्के मिळवून चालत नाही. तसे ९३७ रुपये ५० पैसे होतात आणि विक्रीच्या दरात नफा २० टक्केच उरतो. ७५० ला ०.७५ ने भागायचं. दर येतो १,००० रुपये.

एका मसाला उद्योगाचं काम घेऊ. लोगो २४ तास, पाकिटं २६, भेटी आणि छपाईच्या फाइल १०. या साठ तासांत करेक्शनसाठी १५ टक्के वाढवले की ६९ तास, म्हणजे ६९ हजार रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

हेच काम ९२ तासांवर गेलं, तर सगळा नफा संपतो. म्हणून करेक्शनच्या फेऱ्या किती आणि पुढच्या फेरीला काय दर, हे कोटेशनमध्येच लिहायचं. क्लायंटने घासाघीस केली, तर दर न उतरवता काम कमी करावं: तीन पाकिटांऐवजी दोन.

हा दरही कायमचा नाही. मंदीच्या महिन्यात २०० तासच विकले गेले, तर तास १,०५० रुपयांना पडतो आणि १,००० च्या दराने तोटाच होतो. त्यामुळे प्रत्येक कामाचे खरे तास टाइमशीटवर नोंदवून दर तीन महिन्यांनी भागाकार नव्याने करावा.