की सापडली, पण सगळ्या सापडल्या का?

डेटाबेसच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. चार-पाच अक्षरांचं टेबल, त्याखाली तीन-चार बाण आणि विचारणा: हे टेबल कोणत्या नॉर्मल फॉर्मचा भंग करतं? विद्यापीठाच्या परीक्षेत तो सविस्तर लिहायचा असतो, गेटमध्ये एक-दोन मार्कांचा पर्यायी प्रश्न म्हणून येतो. वरवर पाहता व्याख्या पाठ आहेत का, एवढंच त्यात तपासलेलं दिसतं. प्रत्यक्षात मार्क जातात ते व्याख्येपर्यंत पोहोचण्याआधीच, कँडिडेट की शोधताना.

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना 1970 साली रिलेशनल मॉडेल मांडलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत सेकंड आणि थर्ड नॉर्मल फॉर्म. 1974 साली बॉइस आणि कॉड यांची अधिक कडक व्याख्या आली, तिलाच आपण बीसीएनएफ म्हणतो. आपल्याकडची मुलं हे सगळं बहुधा ‘कॉर्थ’मधून शिकतात. त्या पुस्तकाचे एक लेखक एस. सुदर्शन हे आयआयटी मुंबईचे.

एखादा खासगी क्लास घ्या. विषय A, विद्यार्थी B, बॅच C आणि शिक्षक D. एका विद्यार्थ्याची एका विषयाला एकच बॅच असते. एका बॅचला एकच शिक्षक असतो. आणि एक शिक्षक एकच विषय शिकवतो. बाणांत लिहिलं तर:

```
R(A, B, C, D)
AB → C
C → D
D → A
```

बहुतेक जण पहिला बाण बघून AB घेतात. AB वरून C मिळतो, C वरून D, म्हणजे सगळे कॉलम हाती आले. AB ही की ठरली, आणि इथेच पेन पुढे सरकतं. आता C → D बघायचा: C ही की नाही, D कीच्या बाहेरचा. ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी! थर्ड नॉर्मल फॉर्मचा भंग. उत्तर लिहून मोकळे. तर्क नीट आहे, उत्तर चुकलेलं आहे.

कारण की एकच नाही. कुठल्याच बाणाच्या उजवीकडे न येणारा कॉलम आधी शोधावा. इथे तो B. त्याला कोणीच ठरवत नाही, म्हणून तो प्रत्येक कीमध्ये असलाच पाहिजे. एकट्या B वरून काही मिळत नाही. मग त्याच्या जोडीला एकेक कॉलम लावून क्लोजर काढायचं. BC घेतलं तर C वरून D, D वरून A, सगळे आले. BD घेतलं तर D वरून A मिळतो आणि मग AB वरून C. म्हणजे AB, BC आणि BD अशा तीन कँडिडेट की आहेत, आणि चारही कॉलम कुठल्या ना कुठल्या कीमध्ये बसतात. अशा कॉलमना प्राइम म्हणतात.

थर्ड नॉर्मल फॉर्मची अट अशी: प्रत्येक बाणाच्या डावीकडे सुपरकी असावी, नाहीतर उजवीकडचा कॉलम प्राइम असावा. C → D मध्ये D प्राइम आहे, D → A मध्ये A प्राइम आहे. सूट मिळाली. टेबल थर्ड नॉर्मल फॉर्ममध्ये आहे. बीसीएनएफला ही सूट मान्य नाही, तिथे डावीकडे सुपरकीच हवी, आणि C ती नाही. भंग आहे तो बीसीएनएफचा.

ही सूट कागदावर निरुपद्रवी दिसते. क्लासच्या टेबलात मात्र बॅचमध्ये चाळीस मुलं असतील तर शिक्षकाचं नाव चाळीस ओळींत येणार, आणि शिक्षक बदलले की चाळीसही ओळी बदलाव्या लागणार. थर्ड नॉर्मल फॉर्म म्हणजे पुनरुक्ती संपली, अशी समजूत असेल तर हे टेबल ती खोटी ठरवतं.

दुसरा सापळा याहून बारीक आहे, आणि तो अनेक गाइडांतल्या सोडवलेल्या उत्तरांतही दिसतो.

```
S(A, B, C, D)
A → C
AC → D
BC → A
```

B पुन्हा कुणाच्याच उजवीकडे नाही. AB आणि BC या की निघतात. BD वरून पुढे काहीच मिळत नाही, म्हणून D एकटाच नॉन-प्राइम. आता दिलेले बाण तपासू. A → C मध्ये C प्राइम, चालतं. BC → A मध्ये डावीकडे कीच आहे. राहिला AC → D. AC सुपरकी नाही, कारण B मिळत नाही. आणि AC हा कुठल्या कीचा तुकडाही नाही. मग पार्शल डिपेंडन्सी नाही, सेकंड नॉर्मल फॉर्म शाबूत, भंग थर्डचा. असं वाटतं खरं.

पण एकट्या A चं क्लोजर काढा. A वरून C मिळतो आणि मग AC वरून D. म्हणजे A → D हा बाण प्रश्नात छापलेला नसला तरी आहेच. A हा AB चा तुकडा, D नॉन-प्राइम. ही सरळ पार्शल डिपेंडन्सी झाली आणि टेबल सेकंड नॉर्मल फॉर्ममध्येही बसत नाही. प्रश्नकर्त्याने AC मध्ये C उगाच घुसवलेला होता.

यातून कामाचा नियम निघतो तो असा. अख्ख्या टेबलासाठी बीसीएनएफ किंवा थर्ड तपासताना दिलेले बाण पाहिले तरी पुरतात. सेकंडसाठी पुरत नाहीत. तिथे प्रत्येक कीच्या प्रत्येक तुकड्याचं क्लोजर काढून त्यात नॉन-प्राइम कॉलम येतो का, हे बघावं लागतं.

टेबल तोडल्यावर तर दिलेल्या बाणांवर मुळीच विसंबता येत नाही. क्लासचं टेबल C → D वरून तोडलं की (C, D) आणि (A, B, C) असे दोन भाग होतात. दुसऱ्यात दिलेल्यांपैकी फक्त AB → C दिसतो, म्हणून बीसीएनएफ झालं असं वाटतं. प्रत्यक्षात C वरून D आणि D वरून A, म्हणजे C → A तिथे लपून आहेच, आणि C ही त्या टेबलाची की नाही. पुढेही तोडलं तर बीसीएनएफ साधतं, पण AB → C हातचा जातो: एका विद्यार्थ्याची एका विषयाला एकच बॅच, ही अट एकाच टेबलाच्या कीवर टाकता येत नाही. बीसीएनएफ साधणाऱ्या कुठल्याही तोडणीत ती वाचणार नाही, कारण A, B, C एकत्र असलेल्या प्रत्येक टेबलात C → A असणारच. थर्ड नॉर्मल फॉर्मपर्यंत मात्र सगळे बाण राखून नेहमी पोहोचता येतं. ती सूट ठेवण्यामागे हेच कारण आहे.

पेपरात चार-पाचच कॉलम का असतात, तेही सांगायला हवं. एखादा कॉलम प्राइम आहे की नाही हे ठरवणं एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे कॉलम वाढत गेले तर झटपट उत्तर देणारी पद्धत कुणालाच माहीत नाही. अख्ख्या टेबलाची बीसीएनएफ तपासणी त्या मानाने सोपी, कारण तिला प्राइमची यादी लागतच नाही.

पेपर काढणाऱ्यांनाही एक विनंती. ‘कोणत्या नॉर्मल फॉर्मचा भंग होतो’ हा प्रश्न सैल आहे. सेकंड मोडलं की थर्ड आणि बीसीएनएफ आपोआप मोडतात, मग तिन्ही उत्तरं बरोबर म्हणायची का? ‘टेबल जास्तीत जास्त कोणत्या नॉर्मल फॉर्ममध्ये आहे’ असं विचारा, आणि सर्व कँडिडेट की लिहून दाखवायला निम्मे मार्क ठेवा.