डोक्यावरचे ऊन आणि छतातली काच

मे महिन्याच्या मध्यावर, साधारण १३-१४ तारखेला, पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी गडप होते. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांमधून तो आता हौसेने पाहिला जातो. गच्चीत काच बसवू पाहणाऱ्या माणसानेही तो नीट पाहावा. त्या वेळी दक्षिणेकडच्या भिंतीतल्या खिडकीवर थेट ऊन जवळपास पडतच नाही. किरण भिंतीला समांतर खाली उतरतात. आडव्या गच्चीवर मात्र ते काटकोनात पडतात. वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत सूर्य आपल्याकडे छताच्या समोर असतो. उत्तर युरोपात सूर्य एवढा वर कधीच येत नाही, म्हणून तिथल्या घरांच्या छतातल्या मोठमोठ्या खिडक्यांची चित्रे पाहून इथे काच बसवली, की घरमालक पहिल्याच उन्हाळ्यात ती झाकायला कापड शोधू लागतो.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. पुण्यातले दुमजली रो-हाउस, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे मधला जिना अंधारा. उजेडासाठी जिन्याच्या वर स्लॅबमध्ये चार फूट बाय चार फुटांची जागा सोडली आणि तिच्यावर ६ मिलिमीटरची साधी पारदर्शक काच बसवली. क्षेत्रफळ जेमतेम दीड चौरस मीटर. मेच्या निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ९०० वॅट ऊर्जा पडते, म्हणजे या काचेवर तेराशे वॅटच्या आसपास. साधी काच त्यातली जवळपास ८२ टक्के आत सोडते. म्हणजे दुपारभर जिन्याच्या डोक्यावर एक हजार वॅटची शेगडी पेटलेली असते. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्यातली तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास ताकद या एका काचेवर खर्ची पडते.

यावर दुकानात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे दुहेरी काच. इथे थोडे थांबायला हवे. दोन काचांमधली हवेची पोकळी अडवते ती बाहेरच्या गरम हवेकडून आतल्या थंड हवेकडे वाहणारी उष्णता. बाहेर ३८ अंश आणि आत ३० अंश असतील, तर आपल्या एकेरी काचेतून अशी उष्णता येते सुमारे ६५ वॅट. हजाराच्या तुलनेत ती किरकोळ आहे. उरलेली सगळी उष्णता किरणांच्या रूपाने येते, आणि पारदर्शक काच एक असो वा दोन, किरण तिच्यातून पार होतातच. साधी दुहेरी काच लावली तरी सुमारे ७० टक्के ऊर्जा आत येते. पैसे जवळपास दुप्पट आणि हजार वॅटचे नऊशे.

म्हणून काच निवडताना विचारायचा आकडा वेगळा आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात तो एसएचजीसी या नावाने छापलेला असतो: पडलेल्या सौर ऊर्जेचा किती भाग शेवटी आत पोहोचतो, हे तो शून्य ते एक यांच्या दरम्यान सांगतो. त्याच्या शेजारी व्हीएलटी असते, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाचा किती भाग आत येतो ते. हे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. सूर्याच्या ऊर्जेतली निम्म्याच्या आसपास ऊर्जा अवरक्त किरणांत असते. ती डोळ्यांना दिसत नाही, फक्त तापवते. चांदीचा अतिपातळ थर दिलेली सोलर-कंट्रोल लो-ई काच ही अवरक्त ऊर्जा बरीचशी परतवते आणि प्रकाश येऊ देते. चांगल्या प्रतीच्या दुहेरी काचेत एसएचजीसी ०.२७ आणि व्हीएलटी ०.४५ अशी जोडी सहज मिळते. आपल्या जिन्यात मग हजाराऐवजी साडेतीनशे वॅट येतील. हा थर नाजूक असल्याने तो दोन काचांच्या मधे, बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असावा लागतो. इथे दुहेरी काच लागते ती मुख्यतः या थराच्या रक्षणासाठी, आणि थराने शोषलेली उष्णता आत उतरू नये म्हणून. नुसती तपकिरी किंवा निळी रंगीत काच घेतली तर ती ऊर्जा स्वतः शोषून तापते आणि खाली बसलेल्यांना तिची धग लागते. उजेड कमी होतो, पण उष्णता त्या प्रमाणात घटत नाही.

आकाराचा हिशेब तर काचेच्याही आधी करायला हवा. दोन फूट बाय दोन फुटांचा, म्हणजे ०.३७ चौरस मीटरचा झरोका जिन्याला पुरेल का? सगळ्यात वाईट दिवस घेऊ, जुलैतला भरून आलेला. तेव्हाही उघड्या आकाशाखाली १०-१५ हजार लक्स उजेड असतो. खालची बाजू धरू: १० हजार गुणिले ०.३७, म्हणजे ३७०० ल्युमेन. काचेने निम्म्याहून थोडा अधिक अडवला आणि स्लॅबच्या जाडीतल्या पांढऱ्या रंगवलेल्या भिंतींनी आणखी निम्मा गिळला, तरी आठशे ल्युमेन खाली येतात. म्हणजे नऊ वॅटच्या एका एलईडी दिव्याइतका उजेड, तोही ढगाळ दिवशी. जिना चढायला एवढा पुरतो. मेच्या दुपारी मात्र या लहान झरोक्यातून लो-ई काच असेल तर नव्वदेक वॅटच येतील. चार फुटांच्या साध्या काचेशी तुलना केली तर उष्णता अकरा-बारा पटींनी कमी. माझ्या मते स्कायलाइटच्या बाबतीत घरमालकाच्या हातातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच आहे: भोक लहान ठेवा.

ज्यांच्याकडे मोठी काच आधीच बसली आहे, त्यांनी आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून सावली करावी. आतल्या पडद्यावर ऊन पोहोचते तेव्हा ते काच ओलांडून आलेले असते. पडदा पांढरा असेल तर थोडा भाग परत जातो, उरलेल्याची उष्णता होते. आणि तापलेल्या पडद्यातून निघणाऱ्या लांब लहरींना काच बाहेर सोडत नाही. रोपवाटिकेत वापरतात ती ७५ टक्क्यांची शेडनेट काचेच्या वीतभर वर चौकटीत ताणली, तर तापते ती जाळी, आणि तिची उष्णता वारा घेऊन जातो. जूनमध्ये जाळी काढून ठेवायची. पावसाळ्यात उजेडाची गरज वाढते.

जून आला की दुसरा प्रश्न उभा राहतो. गळक्या स्कायलाइटचा दोष लोक काचेला आणि सिलिकॉनला देतात. पाणी बहुतेक वेळा येते ते काचेखालच्या उंबऱ्यातून, म्हणजे भोकाभोवती बांधलेल्या उभ्या कडेतून. या उंबऱ्याची कड तयार गच्चीपासून किमान १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच वर हवी. ‘तयार’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मिस्त्री उंबरा स्लॅबपासून सहा इंच मोजून बांधतो; मग वॉटरप्रूफिंगवाला येऊन ब्रिकबॅट कोबा घालतो, जो उताराच्या वरच्या टोकाला पाच-सहा इंच जाड होतो. उंबरा कोब्यात बुडतो आणि पाणी अर्धा-एक इंच तुंबले तरी आत उतरते. म्हणून कोब्याची जाडी आधी ठरवून उंबरा स्लॅबपासून बारा इंच घ्यावा, आणि शक्यतो स्लॅबबरोबरच काँक्रीटमध्ये ओतावा. नंतर विटांनी बांधलेल्या उंबऱ्याखाली सांधा राहतो आणि तोच पुढे झिरपतो. जुन्या स्लॅबमध्ये भोक पाडायचे असेल तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवलेच पाहिजे, कारण तिथे सळ्या कापल्या जातात आणि त्यांचा भार भोवतालच्या स्लॅबवर येतो.

गच्चीचे वॉटरप्रूफिंग या उंबऱ्याच्या पायाशी गोलसर वाटा देऊन भिंतीवर चढवायचे आणि माथ्यापर्यंत न्यायचे. त्याच्यावरून येते ते फ्लॅशिंग: ॲल्युमिनियमच्या पत्र्याची दुमडलेली पट्टी. ती माथ्यावर काचेच्या चौकटीखाली अडकते, बाहेरच्या अंगाने खाली उतरते आणि शेवटी किंचित बाहेर वळते, म्हणजे थेंब भिंतीला न चिकटता सुटून पडतो. ही पट्टी किती खाली यावी, हे वारा ठरवतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा पाण्याला उभ्या फटीतून सुमारे १७ मिलिमीटर वर ढकलू शकतो. ताशी १०० किलोमीटरचा ४७ मिलिमीटर. वादळी पावसात पाणी वर चढते असे कारागीर सांगतात, ते अगदी खरे आहे. म्हणून पट्टी वॉटरप्रूफिंगवर किमान ७५ मिलिमीटर उतरली पाहिजे, कोकणात १०० घ्यावी. पत्रा आणि भिंत अगदी चिकटूनही ठेवू नयेत, कारण केसाएवढ्या फटीत पाणी वाऱ्याशिवायही शोषले जाते. ॲल्युमिनियम ओल्या सिमेंटला लागून ठेवला तर त्यातल्या अल्कलीने खाल्ला जातो, म्हणून मधे रंगाचा किंवा ब्युटिल टेपचा थर हवा. आणि पट्टीचे सांधे असे ठेवायचे की उताराच्या वरच्या बाजूचा तुकडा खालच्यावर येईल. सिलिकॉन असावे, पण ते नसले तरी पाणी बाहेरच राहील अशी रचना आधी झालेली असावी. ऊन आणि धूळ खाऊन सिलिकॉनची धार काही वर्षांत सुटतेच.

काच स्वतः आडवी ठेवू नये. पाच ते दहा अंशांचा उतार दिला तर पाणी आणि धूळ वाहून जाते. आणि डोक्यावरची काच आतल्या बाजूला लॅमिनेटेडच घ्यावी. टफन्ड काच फुटली तर तिचे तुकडे बोथट असतात हे खरे, पण ते सगळे एकदम खाली येतात. लॅमिनेटेड काच फुटली तरी मधल्या पापुद्र्याला चिकटून राहते.

तरीही छताला डाग दिसला तर घाईने सिलिकॉनची नळी हातात घेऊ नये. आधी दिवस आठवावा. डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या पहाटे काचेच्या आतून सगळीकडे सारखे थेंब असतील तर ती गळती नाही. आकाशाकडे तोंड करून असलेली काच रात्री उष्णता वर सोडत हवेपेक्षाही थंड होते आणि घरातली वाफ तिच्यावर साचते; एकेरी काचेत आणि न्हाणीघरावरच्या झरोक्यात हे फार दिसते. पावसानंतरच डाग येत असेल तर कोरड्या दिवशी पाण्याचा पाइप घ्यावा आणि खालून वर जावे. आधी फक्त कोबा आणि उंबऱ्याचा पाया भिजवायचा, पंधरा मिनिटे वाट पाहायची. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा. काही आले नाही तर उंबऱ्याची उभी बाजू, मग फ्लॅशिंगचे सांधे आणि कोपरे, आणि सगळ्यात शेवटी काचेची कड. सुरुवातच वरून केली तर पाणी सगळ्या टप्प्यांवरून ओघळते आणि दोष कुठला ते कळत नाही. पहिल्याच टप्प्यात आत ओल दिसली तर काचवाल्याला बोलवण्यात अर्थ नाही, वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवावे. आणि नवे बांधकाम असेल तर ही पाण्याची परीक्षा गच्चीवर फरशी बसवण्याआधी करून घ्यावी.