आयात शुल्क आणि व्यापार तूट : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील वाहन उद्योगाच्या संदर्भात

प्रस्तावना :

पुणे-मुंबई लोहमार्गावरील कासारवाडी हे स्थानक पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात मोक्याच्या जागी वसलेले आहे. जवळच्या नाशिक फाट्यावरून निघणारा रस्ता भोसरीच्या लघुउद्योगांना वळसा घालून चाकणच्या मोठ्या वाहन कारखान्यांकडे जातो. न्हावाशेवा बंदरात उतरणारे यंत्रभाग या पट्ट्यात येतात आणि येथे तयार झालेली वाहने व सुटे भाग परदेशी जातात. त्यामुळे देशाच्या व्यापार तुटीचा प्रश्न येथे मालाच्या ये-जा रूपाने प्रत्यक्ष पाहता येतो. व्यापार तूट कशी निर्माण होते आणि आयात मालावरील कर त्यात नेमके काय बदलू पाहतात, याचा विचार प्रस्तुत लेखात मोटार आणि तिचा एक सुटा भाग या दोन उदाहरणांच्या आधारे केला आहे.

व्यापार तुटीचे स्वरूप :

एका वर्षात देशाने आयात केलेल्या वस्तूंचे मूल्य निर्यात केलेल्या वस्तूंच्या मूल्यापेक्षा जितके अधिक असते, तितकी त्या वर्षाची व्यापार तूट होय. २०२३-२४ या वर्षात भारताची वस्तूंची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर, तर आयात सुमारे ६७७ अब्ज डॉलर होती. म्हणजे तूट सुमारे २४० अब्ज डॉलरची झाली. परंतु त्याच वर्षी संगणक व इतर सेवांच्या व्यापारात मोठे आधिक्य होते, शिवाय परदेशस्थ भारतीयांनी घरी पाठविलेल्या रकमाही आल्या. हे सर्व जमेस धरल्यावर चालू खात्यावरील तूट २६ अब्ज डॉलरच्या आसपास राहिली. म्हणून केवळ वस्तूंच्या तुटीचा आकडा पाहून देश कर्जात बुडत आहे असा निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

चालू खात्यावर जी तूट उरते तिचे मूळ अधिक खोल आहे. देशातील कुटुंबे, उद्योग आणि शासन मिळून उपभोगासाठी व गुंतवणुकीसाठी जेवढा खर्च करतात, तो देशाच्या एकूण उत्पन्नापेक्षा अधिक असेल, तर वरचा माल बाहेरूनच यावा लागतो. त्याची किंमत बाहेरून आलेल्या भांडवलातून किंवा परकीय चलनाच्या गंगाजळीतून चुकवावी लागते. दुसऱ्या शब्दांत, देशाची बचत त्याच्या गुंतवणुकीपेक्षा जितकी कमी, तितकी चालू खात्यावरील तूट असते.

याचे उदाहरण चाकणमध्येच आढळते. फोक्सवॅगन कंपनीच्या तेथील कारखान्याचे उद्घाटन मार्च २००९ मध्ये झाले. त्यासाठी सुमारे ५८ कोटी युरोची गुंतवणूक करण्यात आली होती. असा प्रकल्प उभा राहताना परदेशी भांडवल देशात येते आणि त्याच काळात परदेशी यंत्रसामग्रीही येते. भांडवल एका खात्यात जमा होते आणि यंत्रे दुसऱ्या खात्यात आयात म्हणून नोंदली जातात. म्हणजे कारखाना उभारणीच्या वर्षांत व्यापार तूट वाढते, परंतु ती उत्पादनक्षमता वाढविणारी असते. उलट, उधारीच्या पैशावर सोन्याची आयात वाढली, तर तूट तेवढीच दिसली तरी तिच्यातून पुढे परतफेडीसाठी उत्पन्न निर्माण होत नाही.

मोटारीवरील शुल्काची उतरंड :

१९९१-९२ मध्ये भारतात आयात शुल्काचा कमाल दर १५० टक्के होता. उदारीकरणानंतर तो टप्प्याटप्प्याने उतरून २००७-०८ मध्ये बिगरशेती वस्तूंसाठी सर्वसाधारणपणे १० टक्क्यांवर आला. मोटार मात्र या नियमास अपवाद राहिली. तिच्यावरील शुल्क ती कोणत्या अवस्थेत बंदरात उतरते यावर अवलंबून ठेवण्यात आले. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पानुसार ४० हजार डॉलरपेक्षा कमी मूल्याच्या आणि लहान इंजिनाच्या तयार मोटारीवर ७० टक्के, आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जोडलेल्या संचावर ३५ टक्के शुल्क ठरले. हे भागही सुटे असलेल्या संपूर्ण खुल्या संचावर २०१८ पासून १५ टक्के दर होता. या उतरंडीचा हेतू स्पष्ट आहे. जोडणीचे जितके अधिक काम देशात होईल, तितका कर कमी.

या उतरंडीचा परिणाम एका कल्पित हिशेबाने पाहता येईल. एक तयार मोटार बंदरात ३० लाख रुपयांना उतरते असे मानू. तिचाच खुला संच २६ लाखांना मिळतो, परंतु संख्या थोडी असल्याने येथील जोडणीस ६ लाख रुपये खर्च येतो. शुल्क नसेल तर तयार मोटार ३० लाखांना आणि येथे जोडलेली ३२ लाखांना पडते. त्यामुळे कोणीही येथे जोडणी करणार नाही. आता शुल्क लावू. तयार मोटार ५१ लाखांवर जाते. संचावर १५ टक्क्यांप्रमाणे ३ लाख ९० हजार रुपये शुल्क पडून येथे जोडलेली मोटार ३५ लाख ९० हजारांना तयार होते. शुल्काने जोडणीचे काम देशात आणले, हे त्याचे यश होय. मात्र जी मोटार ग्राहकास ३० लाखांना मिळू शकली असती, तिच्यासाठी त्याला जवळजवळ ६ लाख रुपये अधिक मोजावे लागतात.

परकीय चलनाचे काय होते, हा पुढचा प्रश्न आहे. प्रत्येक मोटारीमागे बाहेर जाणारी रक्कम ३० लाखांवरून २६ लाखांवर येते, म्हणजे बचत केवळ ४ लाखांची आहे. समजा, पूर्वी केवळ तयार मोटारी ५१ लाख दराने वर्षाला १०० विकल्या जात होत्या. तेव्हा ३० कोटी रुपये परदेशी जात. संचातून जोडलेली मोटार स्वस्त पडू लागल्यावर विक्री १५० झाली, तर ३९ कोटी रुपये परदेशी जातील. आकडेवारीत ‘मोटारी’ या शीर्षाखालची आयात शून्य झालेली दिसेल, पण ‘सुटे भाग’ या शीर्षाखाली त्याहून मोठी रक्कम चढलेली असेल. म्हणून एखाद्या शुल्काने तूट कमी केली का, हे केवळ त्या वस्तूची आयात पाहून ठरविता येत नाही.

संच कशास म्हणावे?

उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर दरात मोठा फरक असल्याने वस्तूची व्याख्याच वादाचा विषय होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया या कंपनीस सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या कराची नोटीस दिली. कंपनीने जवळजवळ संपूर्ण मोटारींचे भाग वेगवेगळ्या खेपांतून सुटे भाग म्हणून आणले आणि ३० ते ३५ टक्क्यांऐवजी ५ ते १५ टक्के शुल्क भरले, असा विभागाचा दावा होता. कंपनीने तो नाकारला आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आपण भाग स्वतंत्रपणे मागवतो, संच म्हणून नव्हे, आणि देशांतर्गत भागांसह त्यांची जोडणी करतो, अशी तिची भूमिका होती. या वादाच्या गुणावगुणांत न जाताही एक बाब लक्षात येते. तोच लोखंडी भाग एकत्र आला तर संच आणि वेगळा आला तर सुटा भाग ठरत असेल, तर उद्योगाच्या रचनेवर तंत्रज्ञानाइतकाच शुल्कतक्त्याचाही प्रभाव पडतो.

लघुउद्योजकाचा हिशेब :

मोटारीकडून तिच्या सुट्या भागाकडे वळल्यास शुल्काची दुसरी बाजू दिसते. भोसरी परिसरातील पत्र्याचे दाबकाम करणाऱ्या एका कारखान्याचे उदाहरण घेऊ. परदेशी दराने एका भागाची किंमत १०० रुपये आणि त्यास लागणाऱ्या पोलादी पत्र्याची किंमत ६० रुपये आहे असे मानू. मजुरी, साचे, वीज, व्याज आणि नफा यांसाठी ४० रुपये उरतात. भागावर १५ टक्के आणि पत्र्यावर ७.५ टक्के शुल्क असेल, तर कारखानदार देशात आपला भाग ११५ रुपयांपर्यंत विकू शकतो आणि पत्र्यासाठी ६४ रुपये ५० पैसे मोजतो. त्याच्याकडे ५० रुपये ५० पैसे उरतात. भागावरील शुल्क १५ टक्के दिसत असले तरी त्याच्या कामास मिळालेले संरक्षण २६ टक्क्यांहून अधिक आहे.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र शासनाने काही सपाट पोलादी उत्पादनांवर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते संरक्षण शुल्क लावले. त्याचा हेतू पोलाद गिरण्यांना स्वस्त आयातीपासून वाचविणे हा होता. वरील उदाहरणात असे शुल्क पूर्णपणे किमतीत उतरले, तर पत्रा ७१ रुपये ७० पैशांना पडतो आणि कारखानदाराकडे ४३ रुपये ३० पैसे उरतात. संरक्षणाचे १० रुपये ५० पैसे आता ३ रुपये ३० पैशांवर आले. कच्च्या मालावरील शुल्क याहून वाढले, किंवा तयार भागावरील घटले, तर शुल्कव्यवस्था संरक्षणाऐवजी दंडाचे काम करू लागते.

निर्यात करणाऱ्याची स्थिती आणखी कठीण होते. परदेशी ग्राहक १०० रुपयेच देतो, कारण भारताचे शुल्क त्याच्या देशात लागू नाही. पत्रा मात्र ७१ रुपये ७० पैशांना घ्यावा लागला, तर ४० रुपयांऐवजी २८ रुपये ३० पैसे उरतात. निर्यातीसाठी पत्रा स्वतः आयात केल्यास शुल्कमाफी किंवा परतावा मिळविण्याची सोय आहे. परंतु लहान कारखानदार बहुधा देशातील व्यापाऱ्याकडून थोडा थोडा माल घेतो. देशी गिरणीने शुल्काच्या आधाराने वाढविलेली किंमत हा शासनाने घेतलेला कर नसल्याने तिचा परतावा मिळत नाही. अशा रीतीने आयातीवरील शुल्क निर्यातीवरील कराचे रूप घेते आणि आयात घटूनही तूट जशीच्या तशी राहू शकते.

समारोप :

आयात शुल्क काम कोठे व्हावे हे बदलू शकते. मोटारीची जोडणी चाकणला व्हावी की परदेशात, पत्रा देशी गिरणीचा असावा की आयातीचा, यावर त्याचा प्रभाव निश्चित पडतो. त्यातून महसूल मिळतो आणि नव्या उद्योगास काही काळ उसंतही मिळते. परंतु देशाची एकूण तूट बचत आणि गुंतवणूक यांच्यातील अंतराने ठरते. शुल्काने हे अंतर बदलले नाही, तर तूट एका वस्तूकडून दुसरीकडे सरकते. त्यामुळे शुल्काची परीक्षा करताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : त्या वस्तूऐवजी कोणत्या भागांची आयात वाढली, त्या शुल्कामुळे कोणाचा कच्चा माल महागला, आणि चालू खात्यावरील तूट प्रत्यक्षात किती हलली. भोसरीच्या कारखानदाराच्या वहीत यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी उमटते, कारण मोटारीला मिळणारे संरक्षण बातमीत दिसते, तर पत्र्याची वाढलेली किंमत त्याच्या बिलावर येते.