‘वैष्णव जन तो’ समजून घेताना फसवणारे शब्द

‘वैष्णव जन तो’ हे भजन तुम्ही शाळेत किंवा २ ऑक्टोबरच्या कार्यक्रमात नक्की ऐकले असेल. पंधराव्या शतकातले जुनागढचे संतकवी नरसिंह मेहता यांची ही गुजराती रचना. साबरमती आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे हे मराठी होते. त्यांनी संपादित केलेल्या ‘आश्रम भजनावली’तही ती आहे. देवनागरीत छापलेले हे भजन आपल्याला वाचता येते, निम्मे शब्द ओळखीचे वाटतात आणि म्हणून अर्थही कळला असे वाटते. नेमकी इथेच फसगत होते.

सुरुवात भजनाच्या नावापासूनच करा. यातला ‘तो’ म्हणजे आपला ‘तो माणूस’ नव्हे. हिंदीतल्या ‘मैं तो जाऊंगा’मधला ‘तो’ आणि हा एकच. मराठीत त्या जागी ‘तर’ येईल.

पण सगळ्यात जास्त घोटाळा करणारे अक्षर आहे ‘ने’. मराठीत ‘ने’ लागला की ते काम त्या माणसाने केलेले असते. गुजरातीत ‘ने’ म्हणजे आपला ‘ला’. एक साधे वाक्य पाहा : ‘माए बाळकने बोलाव्युं’. मराठी कानाला वाटते, बाळाने आईला बोलावले. खरा अर्थ आहे, आईने बाळाला बोलावले. हाक मारणारा आणि हाक ऐकणारा यांची अदलाबदलच झाली! म्हणून भजनात ‘तेने’ आले तर ‘त्याने’ नव्हे, ‘त्याला’ वाचा. ‘जेने’ म्हणजे ‘ज्याने’ नव्हे, ‘ज्याला’. मात्र दोन शब्दांच्या मध्ये ‘ने’ सुटा उभा असेल, तर बहुतेक वेळा तो ‘अने’चे, म्हणजे ‘आणि’चे छोटे रूप असतो.

आता परस्त्रीविषयीची ओळ घ्या. तिथे ‘जेने’ आहे आणि पुढे ‘मात’. मराठीत मात म्हणजे पराभव, बुद्धिबळातली मात. या अर्थाने वाचले तर ज्याने परस्त्रीवर मात केली, असे काहीतरी भलतेच हाती लागते. इथे मात म्हणजे माता. ज्याला परस्त्री आईसारखी आहे, तो वैष्णव. दोन छोटे शब्द चुकले, तर ओळीतली शिकवण पार उलटी होते.

जिभेविषयीच्या ओळीत ‘थकी’ येतो. जीभ थकली म्हणून माणूस खोटे बोलत नाही, असा विनोदी अर्थ लावू नका. ‘थकी’ म्हणजे ‘ने’ किंवा ‘पासून’. वैष्णव जिभेने असत्य बोलत नाही, इतकेच कवीला म्हणायचे आहे.

त्याच ओघात ‘नव’ आणि ‘झाले’ भेटतात. आपल्याला वाटते, काहीतरी नवे झाले. पण ‘झालवुं’ म्हणजे पकडणे, हातात धरणे. ‘झाले’ म्हणजे ‘धरतो’. भजनातली ‘जाणे’, ‘राखे’, ‘बोले’ ही रूपेही अशीच चालू काळाची आहेत : जाणतो, राखतो, बोलतो. आणि ‘नव’ म्हणजे ‘नाही’. म्हणजे वैष्णवाचा हात दुसऱ्याच्या धनाला लागत नाही. गुजरातीत नऊ आणि नवा यांसाठीही ‘नव’ येतो. मग ओळखायचे कसे? पुढे क्रियापद असेल तर ‘नाही’, नाम असेल तर नऊ किंवा नवा, असा साधा अंदाज ठेवा.

एक चूक मात्र जास्त चकवते, कारण तिथे चुकीचा अर्थही शोभून दिसतो. ‘वाच’, ‘काछ’ आणि ‘मन’ हे तीन शब्द एकत्र येतात. आपल्याला ‘काया-वाचा-मने’ पाठ असल्यामुळे ‘काछ’चा अर्थ काया असा सहज लावला जातो. प्रत्यक्षात काछ म्हणजे कासोटा. कासोटा आवरून धरणे म्हणजे कामवासनेवर संयम ठेवणे. इथे ‘शरीर’ असा अर्थ लिहिला की वाक्य बिघडत नाही, पण कवीने सांगितलेला संयम हरवतो.

तुम्हाला घरातल्यांसाठी एखाद्या गुजराती भजनाचा अर्थ लिहायचा असेल, तर मूळ ओळीला हात लावू नका. खाली अर्थ लिहा. आधी ‘ने’, ‘नो-नी-नुं’ (चा-ची-चे), ‘मां’ (मध्ये) आणि ‘थी’ (हून) हे प्रत्यय सोडवा, मग क्रियापद शोधा आणि शेवटी नामांकडे या. ‘तृष्णा’, ‘वैराग्य’, ‘निंदा’ हे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत, त्यांचा अर्थ देत बसू नका. जो शब्द मराठीसारखा दिसतो पण अर्थ वेगळा आहे, त्याच्याखाली रेघ ओढा. वाचणारा अडखळतो तो अनोळखी शब्दाशी, फसतो तो ओळखीच्या शब्दाशी.